नाव शेवटी लिहायचं

सासवडच्या पुढे रस्ता सोडून थोडं आत गेलं की खडकाळ, गवताळ माळ लागतो. मधूनमधून बोरीबाभळीची झुडपं, शेताच्या कडेला दगडांचे ढीग, कुंपणाच्या तारा. डिसेंबरातल्या एका सकाळी मावशी आणि तिचा भाचा ओंकार तिथे पक्षी बघायला आले आहेत. मावशीजवळ दुर्बीण, शिसपेन्सिल आणि खिशात मावणारी वही. ओंकार या छंदात नवा आहे. त्याच्या गळ्यात लांब लेन्सचा कॅमेरा आणि पिशवीत पक्ष्यांचं पुस्तक. समोरच्या बोरीवरून एक काळा पक्षी आत्ताच उडून गेला आहे.

ओंकार: चार फोटो मिळाले! पुस्तक काढतो. काळा पक्षी, पंखावर पांढरा डाग. दोन मिनिटांत नाव सापडेल.

मावशी: सापडेल रे, पण पुस्तक राहू दे पिशवीत. आधी काय पाहिलंस ते लिही.

ओंकार: नाव कळल्यावर लिहितो ना. नाहीतर कशाबद्दल लिहायचं?

मावशी: जो दिसला त्याच्याबद्दल. पुस्तक उघडलंस की चित्र दिसणार. चित्रातल्या पक्ष्याच्या पोटावर पांढरं असलं, की तुला वाटायला लागणार, हो, आपणही पाहिलं होतं पांढरं. तू खोटं बोलत नसतोस, पण डोळ्यांनी पाहिलेलं आणि चित्रात पाहिलेलं एकदा मिसळलं की वेगळं काढता येत नाही. म्हणून वहीत वर तारीख, वेळ, जागा, ऊन कुठल्या बाजूने होतं ते. मग आकारमान, घडण, रंग, आवाज, वागणूक. नावाची जागा सगळ्यात खाली, आणि ती मोकळी राहिली तरी चालते.

ओंकार: हे सगळं कॅमेरा नव्हता तेव्हा ठीक होतं. फोटो कुठे विसरतो? त्यात चित्र मिसळायचा प्रश्नच नाही.

मावशी: बरं. मग फोटो बघून सांग, पक्षी केवढा होता?

ओंकार: केवढा म्हणजे... फोटोत तर चांगला मोठा आलाय.

मावशी: लेन्स लांबची, मग मोठाच येणार. डोळ्यांना केवढा वाटला?

ओंकार: लहान. दहा-बारा सेंटिमीटर?

मावशी: सेंटिमीटर नकोत. तीस पावलांवरच्या पक्ष्याला पट्टी कोण लावणार? ओळखीच्या पक्ष्याशी ताडून बघायचं. सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक पहिल्यांदा 1941 साली आलं, त्यात हीच रीत आहे. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबुतर, कावळा असे रोजचे पक्षी मापाला घ्यायचे, आणि त्याहून थोडा मोठा असेल तर अधिकचं चिन्ह, लहान असेल तर उण्याचं. ‘चिमणी उणे’ एवढं लिहिलं तरी पुस्तकाची बरीच पानं आपोआप बाद होतात.

ओंकार: मान्य, पण ही पट्टीही कच्चीच आहे. इथे उघड्या माळावर शेजारी चिमणी थोडीच बसली होती? आणि थंडीत पक्षी पिसं फुलवून बसतात, तेव्हा चिमणीसुद्धा लिंबाएवढी गोल दिसते.

मावशी: बरोबर आहे तुझं. आकारमानात सगळेच फसतात, नवा माणूस जास्त. म्हणून मी शेजारी काय होतं तेही लिहिते. हे बघ: ‘चिमणीएवढा किंवा जरा लहान. जवळ मापाला काही नाही.’ या दुसऱ्या वाक्यामुळे पुढे कळतं की पहिल्यावर किती भरवसा ठेवायचा. तोच पक्षी कुंपणाच्या तारेवर बुलबुलाशेजारी बसला असता, तर मी बेधडक लिहिलं असतं.

ओंकार: म्हणजे पहिला रकाना जवळपास वाया.

मावशी: वाया नाही. या माळावर काळा आणि पंखावर पांढरं असलेले तीन पक्षी भेटू शकतात. दयाळ बुलबुलाएवढा असतो, वीस सेंटिमीटरच्या आसपास. चिरक चिमणीपेक्षा किंचित मोठा, सोळा-सतरा. कवड्या गप्पीदास चिमणीपेक्षा लहान, तेरा-चौदा. माझ्या ‘चिमणीएवढा किंवा जरा लहान’ने दयाळ तर बाद झाला. चिरक आणि गप्पीदास यांच्यात तीन सेंटिमीटरचं अंतर आहे, ते इतक्या लांबून नजरेला कळत नाही. तिथे आकारमान थांबलं. आता घडण बघायची.

ओंकार: घडण म्हणजे परत पक्ष्याचा आकारच ना?

मावशी: केवढा ते आकारमान, कसा ते घडण. शेपटी अंगाच्या मानाने लांब की आखूड? चोच बारीक की जाड? बसतो तेव्हा अंग उभं की आडवं? लांबून किंवा कमी उजेडात रंग कळत नाही, पण हे कळतं. मी दोन अंडी काढते, लहान डोक्याचं, मोठं अंगाचं. त्यांना शेपटीची एक रेघ जोडते, पक्ष्याने जशी धरली होती त्याच कोनात. हे बघ.

ओंकार: हे चित्र? तिसरीतल्या मुलाचं वाटतंय.

मावशी: प्रदर्शनात नाही लावायचं. अंग जवळजवळ उभं, डोकं गोल, शेपटी आखूड आणि सरळ खाली, एवढं त्यात आलंय ना? वहीत शेवटचं पान बघ, तिथे सकाळी पहिल्यांदा दिसलेला आहे. तोही काळाच होता.

ओंकार: दगडांच्या ढिगाजवळचा? त्याची शेपटी तू वर काढलीयेस.

मावशी: वरच होती. पाठीकडे झुकलेली, आणि मघाच्यापेक्षा लांब. तेव्हा आपण दोघंही ‘काळा, पंखावर पांढरं’ एवढंच बोललो होतो. ही दोन चित्रं शेजारी ठेवल्यावर ते एकच पक्षी वाटतात का?

ओंकार: नाही वाटत. पण हे फोटोतही दिसतं. थांब... हा बघ, शेपटी वर.

मावशी: या एका फोटोत वर आहे. पक्षी नेहमी तशी ठेवतो की त्या क्षणी वारा होता, ते फोटो सांगेल?

ओंकार: ते नाही सांगणार. पण रंगाचं काय? तिथे तरी फोटो जिंकतो की नाही? तू लिहिलंयस ‘काळा, पंखावर पांढरा डाग’. मीही तेच म्हणालो होतो. मग लिहून काय वेगळं झालं?

मावशी: तेवढंच लिहिलं तर काहीच नाही. ‘काळा’ हा रंगाचा रकाना भरल्याचा आभास आहे. रंग कुठे आहे हे लिहायचं. भुवई, गळा, छाती, पोट, पंख, कंबर म्हणजे शेपटीच्या मुळाशी वरची बाजू, आणि शेपटीखालची बाजू. काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांत या शेवटच्या दोन जागा फार कामाच्या. त्या दिसल्या तर लिहायच्या, आणि नाही दिसल्या तर ‘नाही दिसलं’ असंही लिहायचं.

ओंकार: न दिसलेलंही लिहायचं?

मावशी: हो. रकाना नुसता रिकामा ठेवलास तर महिन्याभराने कळणार नाही की तिथे काही नव्हतं की तू बघितलंच नाहीस. ‘शेपटीखाली पांढरं नाही’ आणि ‘शेपटीखालचं दिसलं नाही’ या दोन वाक्यांवरून दोन वेगळे पक्षी ठरू शकतात.

ओंकार: आणि या मघाच्याबद्दल काय लिहिलंस?

मावशी: ऐक. ‘सूर्य पक्ष्याच्या मागे. अंग काळं, पण पाठीवर मातकट छटा, पिसांच्या कडा तपकिरी वाटल्या. पंखावर पांढरा डाग. शेपटीखालचं दिसलं नाही. उडाला तेव्हा शेपटीच्या मुळाशी, वरच्या बाजूला, स्पष्ट पांढरं.’

ओंकार: मातकट छटा? माझ्या फोटोत तर कोळशासारखा काळा आहे.

मावशी: सूर्य समोर होता. अशा उजेडात कॅमेरा सगळंच काळं करतो आणि पंखावरचं पांढरं मात्र पसरवून दाखवतो. डोळ्यांचंही थोडंफार तसंच होतं, म्हणून तर सूर्य कुठे होता ते आधी लिहायचं. उन्हाकडे पाठ करून पाहिलेला रंग आणि उन्हाकडे तोंड करून पाहिलेला रंग यांची किंमत सारखी नाही.

ओंकार: पण कमरेवरचं पांढरं माझ्या एकाही फोटोत नाही!

मावशी: उडताना तू बटण दाबलं होतंस?

ओंकार: तेव्हा मी मागचे फोटो बघत होतो. बरं, ही फेरी तुझी. पण सकाळच्या त्या दगडांजवळच्या पक्ष्याचं तू काय लिहिलंयस? वाच.

मावशी: ‘काळा, पंखावर थोडं पांढरं, शेपटीखालचं दिसलं नाही.’

ओंकार: हा बघ फोटो. मोठा करतो. शेपटी वर आहे आणि खाली चक्क विटकरी रंग! तुझ्या दुर्बिणीला नाही दिसला तो. माझ्याही डोळ्यांना नव्हता दिसला, फोटोत आला.

मावशी: दाखव... हो. स्वच्छ विटकरी. मग तिथे प्रश्न मिटला, तो चिरक. अंग काळं, पंखावर पांढरं, शेपटीखाली विटकरी, ही नराची खूण.

ओंकार: म्हणजे मी म्हणतो ते खरं. वहीत तेवढंच उतरतं जेवढं बघायचं आपल्याला आधीपासून माहीत असतं. शेपटीखाली बघायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं, तरी फोटोने ते टिपलं. नव्या माणसाला काय बघायचं हेच कळत नसतं, मग त्याच्या वहीचा काय भरवसा?

मावशी: हा मुद्दा वजनदार आहे. यावर माझ्याकडे उतारा नाही, तडजोड आहे. वहीत त्या नोंदीपुढे फोटोचा क्रमांक लिहायचा. पण मघाच्या पक्ष्याचं बघ. तिथे फोटोने कंबरही दिली नाही आणि शेपटीखालचंही नाही. तिथे मला सगळ्यात जास्त मदत झाली ती शेवटच्या रकान्याची.

ओंकार: वागणूक. मला तोच रकाना पोकळ वाटतो. ‘फांदीवर बसला होता’ याहून काय लिहिणार?

मावशी: मिनिटभर नुसतं बघायचं आणि काय केलं ते ओळीने लिहायचं. ‘चपळ आहे’, ‘घाबरट आहे’ असली विशेषणं नकोत, क्रियापदं हवीत. हे मघाचं: ‘बोरीच्या अगदी वरच्या उघड्या टोकाला बसला. खाली जमिनीवर झेपावला, काहीतरी उचललं, लगेच वर येऊन त्याच टोकाला बसला. पुन्हा तसंच. मग शेजारच्या झुडपाच्या शेंड्यावर.’ आणि सकाळचं: ‘दगडांमध्ये जमिनीवरच. थोडं धावला, थांबला, शेपटी वर केली. दगडावर चढला, परत खाली.’

ओंकार: एक वरून खाली झेप घेऊन परत वर येतोय आणि दुसरा खालीच वावरतोय.

मावशी: बरोबर. उंच टोकावरून टेहळणी करून खाली झेपावायचं, ही गप्पीदासाची पद्धत. चिरकाचा बराचसा वेळ जमिनीवर आणि दगडांवर जातो. आता खूणगाठ बांध. चिमणीएवढा किंवा लहान, शेपटी आखूड, अंग उभं, शेंड्यावर बैठक, पंखावर पांढरं आणि उडताना कमरेवर पांढरं. चिरकाच्या कमरेवर पांढरं नसतं, दयाळ मोठा आणि त्याचं पोटच पांढरं. मग उरला कोण?

ओंकार: कवड्या गप्पीदास. नर. पण मातकट छटेचं काय? पुस्तकातला नर चकचकीत काळा असेल ना?

मावशी: आता काढ पुस्तक. असतोच चकचकीत, पण ते चित्र विणीच्या हंगामातलं. पावसाळ्यानंतर नवी पिसं येतात त्यांच्या कडा तपकिरी असतात. उन्हाळा जवळ येईपर्यंत त्या कडा झिजतात आणि खालचा काळा उघडा पडतो. डिसेंबरातला नर असा धुरकट दिसायचाच. तारीख लिहिली नसती आणि चित्राशी ताडून बघितलं असतं, तर याच छटेने गोंधळ उडाला असता. एखाद्याने त्याला मादी ठरवलं असतं.

ओंकार: मादी असते कशी?

मावशी: तिथे तर काळं-पांढरं दोन्ही नाही. दोघांच्याही माद्या तपकिरी. चिरकाच्या मादीला विटकरी रंग शेपटीखाली, गप्पीदासाच्या मादीला तांबूस रंग शेपटीच्या वर, कमरेवर. नुसतं ‘शेपटीपाशी तांबूस’ लिहिलंस तर दोघीही त्यात बसतात. म्हणून म्हणते, रंगापेक्षा त्याची जागा महत्त्वाची.

ओंकार: एक रकाना राहिला, आवाजाचा. त्यात तर तू हरणार. फोनवर ध्वनिमुद्रण करता येतं. ‘चेक् चेक्’ लिहून कुणाला काय कळतंय?

मावशी: केलंस का आत्ता?

ओंकार: केलं. थांब, लावतो... नुसता वारा ऐकू येतोय. आणि मागे ट्रक.

मावशी: माळावर बहुतेकदा तेच होतं. पण मुद्रण करू नकोस असं मी म्हणत नाही. झाडीत, पहाटे, वारा पडलेला असताना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. मात्र सोबत दोन ओळी लागतातच. आवाज कुणाचा हे मुद्रण सांगत नाही. पक्षी चोच उघडताना दिसला का, की आवाज त्या दिशेने आला म्हणून तू त्याच्या नावावर टाकलास? हे ज्याने पाहिलं त्यानेच लिहायचं.

ओंकार: आणि अक्षरांत लिहिण्याचं काय? एकच आवाज तू एक लिहिशील, मी दुसरा.

मावशी: लिहिणारच. पावशाचं बघ. ‘पेरते व्हा’ असं तो ओरडतो म्हणतात आणि त्यातून ठेका नेमका कळतो. पण त्याची खरी ओळख अशी की तो दर वेळी सूर चढवत जातो, अगदी टिपेला पोचून थांबतो आणि पुन्हा खालून सुरू करतो. ते अक्षरांत येत नाही. म्हणून मी अक्षरांबरोबर तीन गोष्टी लिहिते. सूर चढतो, उतरतो की एकाच पट्टीत राहतो, मधे खंड किती आणि किती वेळ चालतं. तांबटाचं ‘टुक टुक टुक’ एका पट्टीत, एका लयीत, बराच वेळ. तिथे एक आडवी रेघ आणि तिच्यावर सारख्या अंतराने ठिपके काढले की झालं. पावशाला चढती रेघ.

ओंकार: आणि आपल्या गप्पीदासाला?

मावशी: ‘कोरडा, तुटक, दोनदा. चोच हलताना पाहिली.’ बस. डिसेंबरात तो गात नाही, त्यामुळे आवाजावरून जास्त काही काढता येणार नाही. ज्या दिवशी ज्या रकान्यात जोर असेल तिथे लिहायचं, पाचही सारखे भरायचा अट्टहास नाही.

ओंकार: एक शंका राहते. मघाशी आपण त्या लांबच्या तारेवर एक बघितला. तो तू काय लिहिलास?

मावशी: ‘तपकिरी, चिमणीएवढा, तारेवर, पाठमोरा. शेपटीच्या वरचं आणि खालचं दोन्ही दिसलं नाही. अर्ध्या मिनिटात गेला.’ आणि नावापुढे प्रश्नचिन्ह.

ओंकार: हे मला पटत नाही. जवळच नर गप्पीदास होता, ती मादीच असणार. नव्या माणसाच्या वहीत अशी प्रश्नचिन्हंच भरली तर तो चार दिवसांत वही टाकून देईल. अंदाज लिहायला काय हरकत आहे?

मावशी: अंदाज लिही, पण अंदाज म्हणून लिही. ‘गप्पीदास मादी? जवळ नर होता म्हणून.’ कारण सोबत असलं की पुढे तपासता येतं. थंडीत इथे साधा गप्पीदासही पाहुणा म्हणून येतो, त्याची मादीही तपकिरी आणि तीही शेंड्यावर नाहीतर तारेवर बसते. तिच्या पाठीवर रेघा असतात. आता पुढच्या वेळी काय बघायचं ते कळलं ना? प्रश्नचिन्हाशेजारी मी तेच लिहून ठेवते: ‘पाठीवर रेघा? कमरेचा रंग?’

ओंकार: आणि समजा घरी गेल्यावर माझ्या फोटोत कंबर तांबूस दिसली, तर तू ते प्रश्नचिन्ह खोडणार?

मावशी: खोडणार नाही. खाली वेगळ्या रंगाच्या पेनाने लिहीन: अमुक तारखेला, फोटोवरून, कवड्या गप्पीदास मादी. वरची ओळ आहे तशीच राहील. माळावर मला काय दिसलं होतं आणि घरी काय कळलं, हे दोन्ही हवं. वर्षाने वही उघडली की त्यातून कळतं, आपल्या नजरेतून नेमकं काय निसटतं ते. माझ्या वहीत शेपटीखालचं सारखं निसटलेलं दिसतं.

ओंकार: माझ्या फोटोंत उडता पक्षी निसटतो. मग असं करू. रंगाच्या बाबतीत वाद झाला तर फोटो खरा धरायचा, पण ऊन पक्ष्याच्या अंगावर असेल तरच. आकारमान, बैठक आणि वागणूक यांत वही खरी.

मावशी: चालेल. पण एक अट. वहीत लिहून होईपर्यंत कॅमेऱ्याचा पडदा बघायचा नाही. तोही पुस्तकासारखाच, नजरेत मिसळतो.

ओंकार: तेवढ्या वेळात पक्षी परत आला तर?

मावशी: तर पेन्सिल खाली ठेव आणि पक्ष्याकडे बघ. या वेळी शेपटीखाली.